वॉल कंपाउंडचे ब्लॉक आणि सांध्यांचा माल : कामाच्या नोंदी

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

आप्पांचा प्लॉट अमळनेरच्या बाहेर, धुळे रस्त्याला. आजूबाजूला कपाशीची रिकामी शेतं आणि काळी माती. पुढची आणि उजवीकडची भिंत शेजाऱ्यांच्या बांधकामात आधीच झाली आहे. राहिलं ते मागची बाजू आणि डावी बाजू. जानेवारीत कॉलम उभे करून खाली प्लिंथ बीम टाकून ठेवला होता. काळ्या मातीत नुसत्या दगडाच्या पायावर भिंत उभी केली की पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तिरपा तडा जातो. म्हणून कॉलमचे खड्डे खालच्या मुरमापर्यंत नेले आणि भिंतीचं वजन बीमवर घेतलं. तो खर्च झाला, त्यावर आता बोलत नाही. आता प्रश्न ब्लॉकचा.

आप्पांनी गाडीवरून उतरायच्या आत विचारलं, "भाऊ, कितला ब्लॉक लागतीन?"

मी म्हटलं, आधी मोजू द्या.

टेप लावली. एकूण १५ कॉलम, सगळे २३० मिमीचे, म्हणजे नऊ इंची. दोन कॉलमांमधले गाळे मागच्या बाजूला ८, डाव्या बाजूला ६. कोपऱ्यातला कॉलम दोन्ही बाजूंना सामाईक आहे, तो एकदाच धरायचा. भिंतीची पूर्ण लांबी, कॉलम धरून, ४१.६९ मीटर. बीमच्या वर भिंत १.८ मीटर उंच करायची, त्यावर कोपिंग, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरचा काँक्रीटचा थर, वेगळं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ब्लॉकवाल्याकडे गेलो. मंगळवार असल्यामुळे मंगळग्रह मंदिराची गर्दी, गावातून जायला अर्धा तास जास्त लागला.

ब्लॉकवाल्याने कॅल्क्युलेटर काढला. १३७ फूट लांबी, ६ फूट उंची, झाले ८२२ चौरस फूट. "चौरस फुटाला सव्वा ब्लॉक धरा," म्हणाला. १,०२८ झाले. वर पाच टक्के तूटफूट. "साहेब, १,०८० लिहू?"

लिहू नका म्हटलं. आधी त्याच्या ढिगातले दहा ब्लॉक टेपने मोजले. बाजारात याला सोळा-आठ-सहा म्हणतात, पण प्रत्यक्षात ब्लॉक ३९० मिमी लांब, १९० उंच आणि १५० जाड भरला. हे बरोबरच आहे. ब्लॉकची लांबी आणि उंची मुद्दाम १० मिमीने कमी ठेवतात, म्हणजे सांधा धरून तो ४०० बाय २०० च्या जागेत बसतो. दहापैकी आठ ब्लॉक दोन-तीन मिमीच्या फरकात होते, एक ३८६ आणि एक ३९४ निघाला. लांबीला ५ मिमी आणि उंचीला ३ मिमीपर्यंतचा फरक मानकात चालतो. लांबीतला फरक उभ्या सांध्यात जिरतो, उंचीतला मात्र पुढच्या थराला त्रास देतो. म्हणून उंची प्रत्येक ब्लॉकची पाहिली.

आता त्याचा सव्वा कुठून आला ते कळलं. नुसता ब्लॉकचा चेहरा ३९० बाय १९० धरला तर चौरस फुटाला १.२५ येतात. पण भिंतीत ब्लॉक एकटा बसत नाही, सांध्यासकट बसतो. ४०० बाय २०० धरलं की चौरस मीटरला साडेबारा, चौरस फुटाला १.१६. शिवाय त्याने कॉलमची जागाही ब्लॉकने भरून टाकली. १५ कॉलम म्हणजे जवळपास साडेतीन मीटर लांबी. तिथे ब्लॉक ठेवायचाच नाही.

दोन्ही चुका एकाच दिशेच्या, जास्तीच्या. तो मुद्दाम फसवत होता असं वाटत नाही. बहुतेकांना तो हेच सांगत असणार आणि उरलेले ब्लॉक बहुतेकांच्या अंगणात पडून असणार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्र, काम नाही.

क्षेत्रफळाने हिशेब केला तर कॉलम वजा जाता ३८.२४ मीटर गुणिले १.८, म्हणजे ६८.८ चौरस मीटर. साडेबाराने गुणलं की ८६० ब्लॉक. पण या आकड्यावर मी ऑर्डर देणार नाही. ब्लॉक क्षेत्रफळात बसत नाही, तो दोन कॉलमांच्या मधल्या गाळ्यात बसतो. गाळ्याच्या शेवटी जे उरतं तिथे तुकडा करावा लागतो आणि उरलेला भाग कामी येईलच असं नाही.

म्हणून प्रत्येक गाळ्याची मोकळी लांबी, कॉलमच्या तोंडापासून पुढच्या कॉलमच्या तोंडापर्यंत, वेगळी मोजली. १२ गाळे २.७६ ते २.७८ मीटरमध्ये आले. ते २.७७ धरले. दोन्ही बाजूंचा शेवटचा एकेक गाळा मात्र २.५० मीटर. एका टोकाकडून तीन-तीन मीटरवर कॉलम आखत गेले आणि उरलंसुरलं शेवटी ठेवलं, हे उघड आहे.

आधी मोठा गाळा, २.७७ मीटर. पहिल्या थरात सहा अख्खे ब्लॉक आणि एक तुकडा. दोन्ही टोकांना कॉलमला लागून सांधा धरला तर सात नगांना आठ सांधे. सहा ब्लॉक २,३४० मिमी, आठ सांधे ८०, उरले ३५०. म्हणजे शेवटचा ब्लॉक ४० मिमी कापून बसवायचा.

दुसऱ्या थरात उभे सांधे पहिल्यावर येऊ नयेत, म्हणून सुरुवात अद्ध्याने, १९० मिमीच्या. मग सहा अख्खे, आणि शेवटी तुकडा. आठ नग, नऊ सांधे. हिशेब केला की शेवटचा तुकडा १५० मिमीचा येतो. १९० आणि १५० हे दोन्ही एकाच ब्लॉकमधून निघतात, आणि ग्राइंडरच्या पात्यात जाणारे मिमी धरूनही थोडं उरतं.

म्हणजे कोणताही थर घ्या, सात ब्लॉक लागतात. थर नऊ, कारण २०० च्या नऊ थरांत बरोबर १.८ मीटर होतात. गाळ्याला ६३, बारा गाळ्यांना ७५६.

एक गोष्ट मनाला लागली. कॉलम तीन मीटरऐवजी जुन्या पद्धतीने दहा फुटांवर आखले असते, म्हणजे ३,०४८ मिमीवर, तर मोकळा गाळा २,८१८ मिमी मिळाला असता. सात अख्खे ब्लॉक आणि आठ सांधे म्हणजे २,८१०. एका थरात काहीच कापायचं नाही, दुसऱ्यात एक ब्लॉक मधोमध कापून दोन टोकांना दोन अद्धे. ब्लॉक तितकेच लागले असते, पण आता बारा गाळ्यांत १५६ काप मारायचे आहेत, तिथे ४८ मध्ये भागलं असतं. नकाशात गोल आकडा चांगला दिसतो म्हणून तीन मीटर लिहिलं गेलं. कॉलम आखायच्या आधी ब्लॉक मोजायला हवा होता, आणि तो मोजायचं माझ्याकडेच होतं.

१ मार्च, शनिवार

आज फक्त २.५० चे दोन गाळे. संख्येने दोनच, पण डोकं यांनीच खाल्लं.

नेहमीच्या पद्धतीने सहा अख्खे बसवले तर शेवटी ८० मिमीची पट्टी उरते. मिस्तरींना दाखवलं. त्यांचं उत्तर तयार होतं, "तुकडा कशाला दादा, सांधे जरा जाड घेऊ, मालातच बसून जाईल." सहा अख्ख्या ब्लॉकना सात सांधे. पट्टीची ८० आणि तिच्या सांध्याचे १०, असे ९० मिमी त्या सातांत वाटले तर प्रत्येक सांधा २३ मिमीचा होतो. बाहेरून प्लास्टर केलं की दिसणारही नाही. पण वाळू-सिमेंटच्या मालाचा जाड सांधा वाळताना आकसतो आणि पहिला केसासारखा तडा तिथेच उघडतो. शिवाय सिमेंट दुप्पट जातं.

८० मिमीची पट्टीही चांगली नाही. इतक्या अरुंद पट्ट्या कापताना निम्म्या तुटतात आणि ज्या टिकतात त्या कॉलमशेजारी, जिथे भिंत हलते तिथेच बसतात.

दुसरा मार्ग असा सापडला की तुकडा एका टोकाला न ठेवता दोन टोकांना वाटायचा. पाच अख्खे ब्लॉक १,९५० मिमी. सात नगांचे आठ सांधे ८०. उरले ४७०. हे ३३० आणि १४० असे तोडले. पहिल्या थरात डावीकडे ३३०, मग पाच अख्खे, उजवीकडे १४०. दुसऱ्या थरात उलट, डावीकडे १४०, उजवीकडे ३३०. उभे सांधे मोजून पाहिले तर खालच्या-वरच्या थरातलं अंतर कुठे १९०, कुठे २१० येतं. म्हणजे जवळपास अर्ध्या ब्लॉकचा जोड मिळाला आणि सर्वांत लहान तुकडा १४० चा.

याची किंमत चार ब्लॉक. ३३० च्या तुकड्यामागे एक ब्लॉक पूर्ण जातो, १४० चे दोन एका ब्लॉकमधून निघतात. दोन्ही गाळ्यांना मिळून ९० अख्खे, १८ ब्लॉक ३३० साठी आणि ९ ब्लॉक १४० साठी, एकूण ११७. पट्टीच्या पद्धतीने ११३ लागले असते. चार ब्लॉक खुशाल जाऊ दे.

७५६ आणि ११७ मिळून ८७३. चढवता-उतरवताना आणि कापताना फुटतील त्यासाठी तीन टक्के. ९०० ची ऑर्डर. ब्लॉकवाल्याच्या आकड्यापेक्षा १८० कमी, म्हणजे एका ट्रॉलीहून जास्त.

२ मार्च, रविवार

आता माल. मिस्तरी म्हणाले सिमेंटच्या दहा गोण्या. मी कशावरून विचारलं, तर "एवढ्या कामाला लागतात."

सांधे दोन प्रकारचे, आडवे आणि उभे. वेगवेगळे मोजले की हिशेब डोळ्यांसमोर राहतो.

आडवा सांधा प्रत्येक थराखाली, गाळ्याच्या पूर्ण लांबीभर. नऊ थर, ३८.२४ मीटर लांबी, ०.१५ मीटर जाडी, ०.०१ मीटर सांधा. गुणाकार ०.५१६ घनमीटर.

उभे सांधे नगाने. मोठ्या गाळ्यात एका थरात आठ, दुसऱ्यात नऊ. पाच थर आठाचे, चार थर नऊचे, गाळ्याला ७६, बारा गाळ्यांना ९१२. लहान दोन गाळ्यांत १४४. एकूण १,०५६ सांधे. एका सांध्यात १९० बाय १५० बाय १० मिमी माल बसतो. सगळे मिळून ०.३०१ घनमीटर.

दोन्हींची बेरीज ०.८१७ घनमीटर. हा भिंतीत बसलेला ओला माल. कोरडी वाळू-सिमेंट मोजायची तर यापेक्षा जास्त लागते, कारण पाणी पडलं की सिमेंट वाळूच्या पोकळ्यांत शिरतं आणि ढीग बसतो. त्यासाठी १.३३ ने गुणतात. वर थापीवरून पडणारा, ब्लॉकच्या कडेने ओघळणारा, संध्याकाळी घमेल्यात उरणारा माल, त्याचे २० टक्के. आकडा १.३० घनमीटर झाला.

एकास सहाचा माल. सात भागांतला एक भाग सिमेंट, ०.१८६ घनमीटर. घनमीटरला १,४४० किलो धरलं तर २६८ किलो, म्हणजे ५.४ गोण्या. वाळू १.१२ घनमीटर, सुमारे ४० घनफूट. ब्रास १०० घनफुटांचा, तेव्हा पाव ब्रास कमी पडेल, अर्धा ब्रास पुरेल.

एकास चार का नाही, असं आप्पांनी विचारलं. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत, असं त्यांचं म्हणणं. भिंतीत माल ब्लॉकपेक्षा थोडा मऊच हवा. भिंत जरा हलली तर तडा सांध्यातून जावा, ब्लॉक फोडून जाऊ नये. सांध्यातला तडा दुरुस्त होतो.

रोजचं माप म्हणून एकच आकडा वहीच्या मुखपृष्ठावर लिहिला : एका गोणीत १६० ब्लॉक. सांधा १० मिमी राहिला तर हा आकडा खरा ठरेल. १६ मिमी झाला तर गोणी १०० ब्लॉकवर संपेल. माल जास्त जातोय का, हे आता मला रोज संध्याकाळी गोण्या मोजूनच कळेल.

५ मार्च, बुधवार

ब्लॉक आले, सहा ट्रॉल्या. एक ब्लॉक तेवीस किलोच्या आसपास, ट्रॉलीत दीडशे म्हणजे साडेतीन टन.

तिसऱ्या ट्रॉलीतले ब्लॉक गडद रंगाचे दिसले. हात लावला तर गार. आठवड्याभरापूर्वीच पाडलेले असणार. ताजा ब्लॉक भिंतीत लावला की तो तिथे वाळत आकसतो आणि सांध्यापासून सुटतो. ट्रॉली परत पाठवली. बदल्यात आलेले ब्लॉक फिकट करडे होते आणि एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज देत होते. ब्लॉकवाला थोडा नाराज झाला. पाडून महिना झालेले ब्लॉकच घेईन, हे मी ऑर्डर देतानाच सांगितलं होतं.

८ मार्च, शनिवार

वाळूची भानगड.

क्रश सँड आणली. नदीच्या वाळूची वाट पाहत बसलो असतो तर काम पावसाळ्यात गेलं असतं. मिस्तरी घमेल्याने मोजतात. एका गोणीला पंधरा घमेली, हे त्यांचं पाठ आहे. मी प्लायची पेटी बनवून घेतली, ४० बाय ३५ बाय २५ सेंमी, आत ३५ लिटर मावतात. पन्नास किलोची एक गोणी सिमेंट त्यात जवळपास बरोबर बसते. मग त्यांचं घमेलं पेटीत ओतून पाहिलं. सपाट भरलेलं घमेलं १४ लिटरचं. पंधरा घमेली म्हणजे २१० लिटर, म्हणजे सहा पेट्या. हिशेब चोख.

पण मिस्तरी सपाट भरत नाहीत, शिगोशीग भरतात. ते घमेलं साडेसतरा लिटरचं. पंधरा झाली २६२ लिटर. साडेसात पेट्या. मी मनात म्हटलं, सापडलं. आपला माल एकास साडेसातचा होणार.

मग वाळू तपासली. सरळ बाजूच्या काचेच्या बरणीत ओलसर वाळू सैल भरली, २०० मिमी उंचीपर्यंत. वर पाणी ओतून काठीने ढवळली आणि बसू दिली. बसलेली वाळू १६० मिमी भरली. ओलसर वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर असतो, तो कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो, म्हणून ढीग मोठा दिसतो. पूर्ण भिजली की तो फुगवटा जातो. २०० वजा १६० भागिले १६०, म्हणजे २५ टक्के फुगवटा.

आता २६२ ला १.२५ ने भागलं. २१० आले!

मिस्तरी शिगोशीग भरतात ते बरोबर भरतात. ओल्या वाळूची शीग म्हणजे फुगवट्याची भरपाई. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, हातानेच कळलेलं. माझ्या मनातला आरोप परत घेतला, तोंडातून निघाला नव्हता ते बरं.

मात्र यात एक फट आहे. सकाळी ओलसर असलेली वाळू मार्चच्या उन्हात दुपारपर्यंत वरून कोरडी होते. कोरड्या वाळूला फुगवटा नसतो. त्यावर तीच शीग मारली की माल खरंच एकास साडेसातचा होतो. भिंतीचा सकाळचा भाग पक्का आणि दुपारचा भाग खरवडला की भुसभुशीत, असं अनेक ठिकाणी दिसतं त्याचं एक कारण हे असणार. ठरवलं असं की वाळूच्या ढिगावर ओलं गोणपाट टाकून ठेवायचं, सकाळी-दुपारी एकसारखी ओल, आणि माप शिगेचंच.

१० मार्च, सोमवार

काम सुरू. पाण्याच्या नळीने बीमची पातळी पाहिली. मागच्या बाजूचा कोपरा ३० मिमीने खाली. सगळ्या लांबीवर सरासरी १५ मिमी जास्तीचा माल पहिल्या थराखाली लागणार. ३८.२४ गुणिले ०.१५ गुणिले ०.०१५, म्हणजे ८६ लिटर ओला माल. माझ्या हिशेबात हा नव्हता. अर्ध्या गोणीहून थोडं जास्त. ५.४ चे ६ झाले, वर एक हाताशी, म्हणून सात गोण्या उतरवल्या. जिथे थर दोन सेंटिमीटरहून जाड होता तिथे मालाऐवजी बारीक खडीचं काँक्रीट भरलं.

ब्लॉक भिजवायचे नाहीत, हे बिगाऱ्याला दोनदा सांगावं लागलं. त्याला विटांची सवय, तो हौदात टाकायला निघाला होता. सिमेंटचा ब्लॉक भिजवला की भिंतीत वाळताना आकसतो. ऊन कडक असेल तर वरच्या बाजूवर हाताने पाणी शिंपडायचं, तेवढंच.

१२ मार्च, बुधवार

संध्याकाळी गोण्या मोजल्या. दोन संपल्या. बसलेले ब्लॉक १६८, सहा गाळ्यांत चार-चार थर. एका गोणीला १६० धरले तर १६८ ब्लॉकना एकच गोणी आणि थोडं वर, शिवाय खालच्या पातळीसाठी ०.३. दीडच्या आत काम व्हायला हवं होतं.

टेप घेऊन भिंतीची उंची मोजली. बीमच्या पातळीपासून चार थर, ८०० मिमी हवे. तिसऱ्या गाळ्यात ८२५ भरले, चौथ्यात ८२४, पहिल्यात ८२६. चार सांध्यांत २५ मिमी जास्त. सांधा १६ मिमीचा पडतोय.

मिस्तरींना विचारलं. ते म्हणाले, "मी थापीनं ठोकतो दादा, बसतच नाही खाली." ही सबब असेल असं वाटलं, म्हणून एक ताजा ब्लॉक उचलायला लावला. खालच्या मालात सात-आठ मिमीचे तीन दगड. दहा मिमीच्या सांध्यात असा दगड आला की ब्लॉक त्याच्यावर टेकतो, कितीही ठोका. वाळू चाळलीच नव्हती. क्रश सँड आहे, त्यात काय चाळायचं, असं बिगाऱ्याला वाटलं, आणि मीही पाहिलं नाही. ४.७५ मिमीची जाळी आणायला उद्या कोणीतरी गावात जाणार.

आप्पा सगळं ऐकत होते. म्हणाले, "उद्या होळी शे. काम बंद. जाळी परवा का आणतस?"

१६ मार्च, रविवार

धुळवडीनंतर आज काम. जाळी आली. ढिगातून दोन घमेली दगड निघाले. आज बसवलेले थर मोजले, ९९ ब्लॉक, सांधे १० ते ११.

आधीचे सहा गाळे उतरवायचे नाहीत. चार थर आता घट्ट झालेत, तोडले तर बाकीचे ब्लॉक हलतील. वरचे पाच थर ८ मिमीच्या सांध्याने घ्यायचे ठरलं, त्यात १० मिमी वसूल होतात. या गाळ्यांची उंची १,८१५ होईल, बाकीच्यांची १,८००. उरलेला १५ मिमीचा फरक कोपिंगच्या जाडीत घालवायचा, इथे ६० मिमी, तिकडे ७५. कॉलम मध्ये येत असल्यामुळे थरांच्या रेषा पुढे-मागे झालेल्या डोळ्याला दिसत नाहीत.

एका दिवसात पाच थरांच्या वर जायचं नाही, हे पुन्हा सांगितलं. वरच्या वजनाने खालचा ओला माल दबतो आणि भिंत ओळंब्यातून जाते.

१९ मार्च, बुधवार

लहान गाळा केला, ३३०-१४० वाला. मिस्तरींनी पहिल्या थराला तोंड वाकडं केलं, तिसऱ्या थराला स्वतःच म्हणाले की जोड छान पडतोय. तुकडे मी आधीच कापून दोन वेगळ्या रांगांत ठेवले होते, नाहीतर कोणता कुठे यात दिवस गेला असता.

दुपारी साडेबारा ते साडेतीन काम बंद ठेवलं. पाणी घातलेला माल दोन तासांत वापरायचा, पण या उन्हात तासाभरातच ताठ होतो. बिगारी त्यात पुन्हा पाणी घालून मऊ करत होता. तो माल मिस्तरींनी स्वतः फेकायला लावला. अर्ध्या गोणीच्याही आतले लहान-लहान खेप कालवायचे ठरवले.

२२ मार्च, शनिवार

नववा थर संपला. शेवटची मोजणी.

ब्लॉक ९०० आले, भिंतीत ८७३ गेले. १५ फुटले किंवा चुकीचे कापले गेले, त्यातले नऊ पहिल्या दोन दिवसांत. शिल्लक १२.

सिमेंट सात गोण्या आणल्या, पाव गोणी उरली. पहिल्या १६८ ब्लॉकना पातळीसकट दोन, पुढच्या ७०५ ब्लॉकना पातळीसकट पावणेपाच. वाळूचा अर्धा ब्रास जवळपास संपला, चाळणीतले दगड कोपिंगच्या काँक्रीटला बाजूला ठेवले.

सकाळ-संध्याकाळ पाणी मारणं सुरू आहे, सात दिवस चालेल. भिंतीवर गोणपाट टाकलं आहे, कारण ऊन असं आहे की सकाळी मारलेलं पाणी नऊ वाजता दिसत नाही. पाडव्यानंतर कोपिंगचा फर्मा.

उरलेले १२ ब्लॉक आप्पांनी विहिरीजवळ नेऊन रचले, पाण्याच्या टाकीखाली. मोजून पाहिलं तर टाकीला १० पुरतात.